बिलावरच्या तीन तारखा आणि सप्टेंबरात भरायचा राहिलेला कर

२०२३-२४ चं जीएसटीचं वार्षिक विवरण भरायची तयारी मी ऑगस्टमध्येच सुरू केली होती. आमची कंपनी कॉम्प्रेसर आणि तत्सम यंत्रांची वार्षिक देखभाल करते, जोडीला सुटे भाग विकते. हिशेब मी बघते. पहिल्या दोन दिवसांत सगळं जुळत गेलं आणि तिसऱ्या दिवशी एका ग्राहकापाशी अडलं. आयकर खात्याकडे आपल्या नावावर जमा टीडीएस दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये त्या ग्राहकाने आमच्या नावावर मार्च २०२४ मध्ये टीडीएस कापलेला दिसत होता, ज्या बिलावर तो कापला ते बिल मात्र आम्ही १२ एप्रिलला काढलेलं होतं.

यात नवल काही नव्हतं. ग्राहकाने वर्षअखेर तरतूद केली, तेव्हाच टीडीएस कापला. आमच्या पुस्तकातही ऑडिटरने ती तिमाही मार्चचं उत्पन्न म्हणून धरली होती, बिल व्हायचं बाकी असलेलं उत्पन्न म्हणून. म्हणजे ग्राहक म्हणत होता मार्च, आमचा ताळेबंद म्हणत होता मार्च, आणि फक्त जीएसटी विवरणात ते बिल एप्रिलमध्ये बसलं होतं. मी फरकाच्या यादीत एक ओळ लिहिली, "बिल एप्रिलमध्ये, म्हणून कर एप्रिलमध्ये", आणि यादी सीए मॅडमना पाठवली.

त्यांचा संध्याकाळी फोन आला. "ही ओळ तुम्ही कशावरून लिहिलीत?"

"बिलाची तारीख १२ एप्रिल आहे, मॅडम. सेवा ३१ मार्चला संपली. सेवेचं बिल तीस दिवसांत काढायचं असतं. आपण बारा दिवसांत काढलंय."

"तो नियम बरोबर आहे. पण या बिलाला तो लागत नाही. कराराची प्रत आहे का तुमच्याकडे? पैसे कधी द्यायचे ते कलम वाचून दाखवा."

करार सेवा विभागाच्या कपाटात होता. गेली चार वर्षं मी या ग्राहकाची बिलं काढत होते आणि तो करार एकदाही उघडून पाहिला नव्हता. देयकाच्या कलमात लिहिलं होतं: देखभालीचं शुल्क तिमाही असेल आणि ते प्रत्येक तिमाहीच्या शेवटच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत देय राहील. म्हणजे २५ जून, २५ सप्टेंबर, २५ डिसेंबर, २५ मार्च.

आम्ही बिलं काढत होतो ती तिमाही संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या दहा-बारा तारखेला. तोपर्यंत सर्व्हिस रिपोर्ट गोळा होत, सेवा विभाग मान्यता देई, मग बिल निघे. सॉफ्टवेअर त्यावर तीन तारखा छापायचं. वर उजवीकडे बिलाची तारीख, त्याखाली पुरवठ्याची तारीख आणि तळाशी देय तारीख. सप्टेंबरच्या तिमाहीचं बिल माझ्यासमोर होतं, त्यावर अनुक्रमे १२ ऑक्टोबर २०२३, ३० सप्टेंबर २०२३ आणि ११ नोव्हेंबर २०२३ असं छापलेलं. शेवटची तारीख सॉफ्टवेअर आपोआप घालतं: बिलाची तारीख अधिक तीस दिवस, कारण ग्राहकाच्या खात्यात तीस दिवसांची उधारी नोंदवलेली आहे. कराराशी तिचा काही संबंध नव्हता. करारातली २५ सप्टेंबर ही तारीख बिलावर कुठेच नव्हती, आणि कर कुठल्या महिन्याचा हे ठरत होतं ते नेमकं त्याच तारखेवरून.

मॅडमनी जे समजावलं ते मी नंतर कायद्याचा मजकूर समोर ठेवून पुन्हा वाचलं. इथेच माझी चूक झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कर कुठल्या महिन्यात भरायचा हे ठरतं पुरवठ्याच्या वेळेवरून. सेवेसाठी ही वेळ केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १३ मध्ये दिली आहे. बिल जर मुदतीत काढलं, तर बिलाची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यातली जी आधीची ती पुरवठ्याची वेळ. बिल मुदतीत काढलं नाही, तर बिलाच्या तारखेला अर्थच राहत नाही. मग सेवा दिल्याची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यातली आधीची धरायची. म्हणजे बिलाच्या तारखेवर विसंबायचं तर आधी बिल मुदतीत काढलेलं हवं.

आता ही मुदत कोणती? ती कलम ३१ मध्ये आहे, आणि तिथे सेवांचे दोन प्रकार होतात. एकदा दिली आणि संपली अशी साधी सेवा असेल तर सेवा दिल्यापासून तीस दिवस. मला पाठ होता तो हा नियम. पण करार तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा असेल, सेवा अखंड किंवा पुन्हा पुन्हा द्यायची असेल आणि पैसे ठरावीक काळाने द्यायचे असतील, तर कायदा तिला अखंड पुरवठा म्हणतो आणि तिला तीस दिवस मिळत नाहीत. अशा सेवेत पैसे देण्याची तारीख करारावरून कळत असेल, तर बिल त्या देय तारखेला किंवा तिच्या आधी निघालंच पाहिजे. वर्षभराचा देखभाल करार आणि तिमाही शुल्क, म्हणजे आमचं सगळं काम याच प्रकारात मोडत होतं.

सप्टेंबरचं बिल या कसोटीवर घासून पाहिलं. बिल २५ सप्टेंबरपर्यंत निघायला हवं होतं, निघालं १२ ऑक्टोबरला. मुदत चुकली, म्हणजे बिलाची तारीख बाद. पैसे आले नोव्हेंबरच्या मध्यावर, तेही उशिराचेच. उरली सेवा दिल्याची तारीख. मी विचारलं, तीन महिन्यांच्या सेवेत "दिली" नेमकी कधी म्हणायची? मॅडम म्हणाल्या, काही जण देय तारीख धरतील, काही जण तिमाहीचा शेवटचा दिवस धरतील, पण २५ सप्टेंबर घ्या की ३० सप्टेंबर, महिना तोच राहतो. कर सप्टेंबरच्या विवरणात जायला हवा होता. आम्ही तो ऑक्टोबरच्या विवरणात भरला होता.

साहेबांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी बिल हातात घेतलं, तळाच्या देय तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "देय तारखेला महत्त्व आहे म्हणतेस ना? मग ही बघ, ११ नोव्हेंबर. पैसे तेव्हा यायचे तर कर तेव्हा भरू."

असा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे, कारण आपण देय तारीख हा एकच शब्द वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. बिलावरची देय तारीख ही वसुलीसाठी असते. ग्राहकाला किती दिवस उधारी दिली, कोणाला आठवण करायची, थकबाकी किती जुनी झाली, ते तिच्यावरून कळतं. ती आपण बिल काढताना ठरवतो आणि कर कालावधीशी तिचा संबंध येत नाही. करारातली देय तारीख दोघांनी सही करून आधीच ठरवलेली असते, आणि अखंड सेवेत बिल काढायची मुदत ती ठरवते. तिसरी विवरण भरायची देय तारीख, पुढच्या महिन्याची वीस. ती फक्त कर उशिरा गेला का हे सांगते. महिना ती ठरवत नाही. मी कागदावर या तीन तारखा वेगवेगळ्या लिहून दाखवल्या तेव्हा साहेबांना पटलं. मग त्यांनी रक्कम विचारली.

त्या तिमाहीचं शुल्क ₹२,४०,००० आणि त्यावर १८ टक्के दराने जीएसटी ₹४३,२००. सप्टेंबरचं विवरण २० ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं, आम्ही हा कर ऑक्टोबरच्या विवरणातून २० नोव्हेंबरला भरला. उशीर ३१ दिवसांचा. व्याजाचा दर वर्षाला १८ टक्के, म्हणून ४३,२०० चे १८ टक्के ₹७,७७६, आणि त्यातले ३६५ पैकी ३१ दिवस म्हणजे ₹६६०.

रक्कम छोटी दिसते. पण वर्षात अशा चार तिमाह्या, आणि याच धर्तीचे नऊ करार, त्यातले काही याच्या दुप्पट-तिप्पट रकमेचे. सगळ्यांचं मिळून व्याज बऱ्याच हजारांत गेलं. कर एक रुपयाही बुडवलेला नव्हता. सगळा भरलेला होता, फक्त एक महिना पुढे सरकलेला.

व्याज काढताना मी आणखी एका ठिकाणी अडखळले. मला वाटत होतं व्याज फक्त रोखीने भरलेल्या भागावर लागेल, कारण कराचा मोठा हिस्सा आम्ही इनपुट क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीच्या वजावटीतून भागवतो. मॅडमनी ते खोडून काढलं. ती सवलत ज्या महिन्याचं विवरणच उशिरा भरलं त्याला आहे, आणि तो पुरवठा त्याच विवरणात दाखवलेला असावा लागतो. आमचं सप्टेंबरचं विवरण वेळेत भरलेलं होतं, त्यात ही बिलं नव्हती एवढंच. ती पुढच्या महिन्याच्या विवरणात दाखवल्यामुळे व्याज पूर्ण ₹४३,२०० वर मोजायचं. नियम ८८बी मध्ये हे दोन प्रकार वेगळे केलेले आहेत. व्याज क्रेडिटमधून भरता येत नाही, रोख खात्यातूनच द्यावं लागतं. आम्ही ते डीआरसी-०३ या फॉर्ममधून स्वतःहून भरलं आणि सोबत करारवार तक्ता जोडला.

मार्चची तिमाही वेगळी काढून ठेवावी लागली. बाकीच्या तीन तिमाह्यांत महिना चुकला होता, इथे वर्षच चुकलं होतं. करार सांगतो २५ मार्च २०२४, बिल १२ एप्रिल २०२४ चं, नव्या वर्षाच्या क्रमांक मालिकेतलं. २६एएसमधला जो फरक मी एका ओळीत मिटवून टाकला होता, तो खरं तर याच चुकीचं टोक होता. व्याज इथेही महिन्याभराचंच, म्हणजे २० एप्रिल ते २० मे अशा ३० दिवसांचं लागलं, पण जुळवणीच्या कागदात प्रत्येक ग्राहकापुढे लिहावं लागलं की पुरवठा २०२३-२४ चा, कर भरला एप्रिलच्या विवरणात. पोर्टलवर एप्रिलचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण भरताना यातलं काहीच अडलेलं नव्हतं. पोर्टल बिलाची तारीख बघतं, करार त्याला दिसत नाही. त्यामुळे विवरण विनातक्रार स्वीकारलं गेलं म्हणजे महिना बरोबर, असं मी आता मुळीच धरत नाही.

याच सुमारास सेवा विभागातल्या एकाने सहज सुचवलं की पुढच्या वेळी उशीर झाला तर बिलावर तारीख २५ ची टाकून द्यावी. मी स्पष्ट नाही म्हटलं. बिलांचे क्रमांक ओळीने असतात, १२ तारखेला काढलेल्या बिलाचा क्रमांक १० आणि ११ तारखेच्या बिलांच्या पुढचा असतो, आणि मध्येच २५ सप्टेंबर आली की कोणालाही ती डोळ्यात भरते. शिवाय तसं करून काही साधतही नाही. कर सप्टेंबरात भरायला बिलाची तारीख खोटी करायची गरजच नसते. सेवा सप्टेंबरातली आहे आणि मुदत चुकली आहे हे २० ऑक्टोबरच्या आधी लक्षात आलं असतं, तर तेव्हा तो कर सप्टेंबरच्या जीएसटीआर-३बी मध्ये, म्हणजे कर भरायच्या मासिक विवरणात धरून भरता आला असता. बिल खऱ्या तारखेचं राहू द्यावं आणि जुळवणीत एक टीप लिहावी. व्याज लागतं ते पैसे उशिरा गेले म्हणून.

नऊ करार झाल्यावर मी वर्षभराची उरलेली बिलंही तपासायला घेतली. एक तक्ता केला. प्रत्येक बिलापुढे चार तारखा: करारातली देय तारीख, सेवा संपल्याची किंवा माल निघाल्याची तारीख, बिलाची तारीख, पहिला पैसा मिळाल्याची तारीख. बिलावर छापलेली देय तारीख मुद्दाम घेतली नाही, कारण तिने पुन्हा गोंधळच झाला असता. चारही तारखा एकाच महिन्यात येणारी बिलं बाजूला केली. ज्यांत महिना बदलतो तेवढीच उरली आणि मी तेवढीच वाचली. नाहीतर शेकडो बिलांत डोळे फिरवत बसले असते.

उरलेल्यांत दोन गोष्टी सापडल्या. पहिली सुट्या भागांची. एक व्हॉल्व्ह संच ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी चलनावर गेला होता आणि बिल झालं ३ ऑक्टोबरला, मध्ये सुट्टी होती म्हणून. मालाला तीस दिवसांची मुदत मुळीच नाही. माल हलवायचा असेल तर तो निघण्याआधी किंवा निघताना बिल व्हायला हवं, आणि बिल उशिरा झालं तरी पुरवठ्याची वेळ ते ज्या दिवशी व्हायला हवं होतं त्या दिवसाच्या पुढे जात नाही. म्हणून तो संच सप्टेंबरचा. गोदामातून महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत गेलेली चलनं मी आता एक तारखेला सकाळी सगळ्यात आधी मागवून घेते.

दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. एका ग्राहकाने जानेवारी-मार्चचं शुल्क आधीच पाठवलं होतं. पैसे बँकेत जमा झाले २९ डिसेंबरला, आमच्या विभागातल्या मुलाने पावतीची नोंद केली २ जानेवारीला, आणि सगळ्यांनी धरलं जानेवारी. पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे आपल्या पुस्तकातली नोंद किंवा बँकेत जमा, यातली जी आधीची ती. म्हणून २९ डिसेंबर, आणि सेवेचा एक दिवसही सुरू झालेला नसताना कर डिसेंबरात. ही आगाऊ रक्कम जीएसटीआर-१ च्या ११ए तक्त्यात दाखवायची आणि पुढे बिल झालं की ११बी मध्ये वजा करायची. सुट्या भागांसाठी आगाऊ पैसे घेतले असते तर हा प्रश्न आलाच नसता, कारण मालाच्या आगाऊ रकमेवरचा कर नोव्हेंबर २०१७ पासून काढून टाकलेला आहे. एकाच ग्राहकाचा एकाच दिवशी आलेला चेक, पण त्यातला देखभालीचा भाग आजच्या महिन्याचा आणि भागांचा भाग बिल होईल त्या महिन्याचा, असं होऊ शकतं. म्हणून पावती करताना रक्कम कशापोटी आली हे लिहून घेणं फार गरजेचं आहे.

पुढच्या वर्षासाठी काय करायचं यावर साहेब, सेवा विभाग आणि मी एकत्र बसलो. माझं म्हणणं साधं होतं, बिल तिमाहीच्या शेवटच्या महिन्याच्या २० तारखेला काढा. सेवा विभागाची अडचण खरी होती: शेवटची भेट बहुतेक वेळा २५ नंतरच होते आणि भेट झाली नसताना बिल पाठवलं तर ग्राहक परत करतो. मग मॅडमनी कलम ३१ मधलाच तिसरा प्रकार दाखवला. पैसे देणं एखादी गोष्ट पूर्ण होण्याशी करारात जोडलेलं असेल, तर बिल ती गोष्ट पूर्ण होईल त्या दिवशी किंवा त्याआधी काढायचं. आमचं काम खरोखरच तसं चालतं. म्हणून नव्याने होणाऱ्या करारांत कलम बदललं: तिमाही सर्व्हिस रिपोर्टवर ग्राहकाच्या प्रतिनिधीची सही झाल्यावर शुल्क देय होईल. आधीचे तीन करार अजून चालू होते, त्यांची बिलं मात्र २० तारखेलाच निघायला लागली.

नव्या कलमाने एक नवीन काम आलं. पहिल्या तिमाहीचे रिपोर्ट माझ्या टेबलावर आले तेव्हा सहा रिपोर्टांवर सही होती आणि तारीख फक्त दोनांवर. एकावर शिक्क्याच्या खाली पेनाने "ठीक आहे" एवढंच लिहिलेलं. आता कर कुठल्या महिन्याचा हे त्या सहीच्या दिवसावर ठरणार, आणि तो दिवसच कागदावर नाही. चार रिपोर्ट मी परत पाठवले. सेवा विभागाच्या फॉर्मवर सहीच्या रेघेशेजारी तारखेसाठी वेगळा चौकोन छापून घेतला, आणि ज्या दिवशी सही होईल त्याच दिवशी रिपोर्टचा फोटो हिशेब विभागाला पाठवायचा असं ठरवलं. फोटो आला की त्याच दिवशी बिल.

३० सप्टेंबर २०२४ ला संध्याकाळी पावणेसातला असाच एक फोटो आला. सही होती, चौकोनात तारीख होती. मी निघायच्या तयारीत होते. पिशवी खाली ठेवली, संगणक पुन्हा लावला आणि बिल काढलं. बिलाची तारीख ३० सप्टेंबर, पुरवठ्याची तारीख ३० सप्टेंबर, आणि तळाशी सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे घातलेली देय तारीख, ३० ऑक्टोबर. ती तशीच राहू दिली, वसुलीला ती लागते.